प्रस्तावाला उत्तर आले नाही, तर पुन्हा कसे लिहावे?

प्रश्न : शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या छपाईचा प्रस्ताव ४ जूनला पाठवला, पण पुढे काहीच कळले नाही. ‘प्रस्ताव पाठवला होता, अद्याप उत्तर आलेले नाही, तरी कृपया लवकरात लवकर कळवावे’ असे लिहिले तर उतावीळपणा दिसतो का?

उत्तर : दिसतो, आणि त्याचे मुख्य कारण ‘लवकरात लवकर’ हे नसून ‘अद्याप’ आणि ‘होता’ हे दोन शब्द आहेत. ‘अद्याप’मध्ये उत्तर एव्हाना यायला हवे होते हा ठपका येतोच. ‘पाठवला होता’ असे वाचले की वाचणाऱ्याला पुढच्या ‘पण’ची चाहूल लागते, आणि आपण काही सांगण्याआधीच तक्रारीचा सूर लागतो. त्यामुळे ‘दि. ४ जून रोजी पाठवलेला प्रस्ताव सोबत पुन्हा जोडला आहे’ असे लिहावे. यात तारीखही येते, कागद समोरही येतो आणि उत्तर न आल्याचा उल्लेखच करावा लागत नाही. ‘प्रस्ताव मिळालाच असेल’ यातला ‘च’ आणि ‘निदान पोचल्याचे तरी कळवा’ यातला ‘निदान… तरी’ हेही टाळावेत. पहिल्यात टोमणा आहे, दुसऱ्यात काकुळती. ‘तरी कळवावे’ यातला ‘तरी’ मात्र पत्रव्यवहारातला जुना, निरुपद्रवी दुवा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे आता लिहिण्याचे कारण. आपली काळजी हे कारण होऊ शकत नाही. कामातले खरे कारण द्यावे. चौसष्ट पानांची स्मरणिका म्हणजे सोळा पानांचे चार फर्मे, आणि त्यांच्या कागदाचा दर विक्रेत्याने ठरावीक तारखेपर्यंतच दिलेला असेल, तर ती तारीख आपोआप कारण बनते. अशी मुदत नसेल तर ती बनवू नये. शाळेच्या बाबतीत निर्णय बहुधा मुख्याध्यापकांच्या एकट्याच्या हाती नसतो, तो समितीच्या बैठकीत होतो. म्हणून निर्णयच मागण्याऐवजी बैठकीची तारीख विचारली, तर समोरच्याला लगेच उत्तर देता येते. मी असे लिहीन :

‘स. न. वि. वि. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या छपाईचा, दि. ४ जून रोजी पाठवलेला प्रस्ताव सोबत पुन्हा जोडला आहे. त्यातील कागदाचा दर दि. ३० जूनपर्यंत लागू आहे. प्रस्ताव समितीपुढे आला असल्यास निर्णय कळवावा; बैठक व्हायची असल्यास तिची तारीख कळवली तरी पुरेल.’

‘असल्यास’ने दोन्ही शक्यता मोकळ्या राहतात आणि दोष कुणाकडेच जात नाही. ‘कळवावा’ हा विध्यर्थ पुरेसा विनयशील आहे. त्यावर ‘कृपया’, ‘नम्र विनंती’ आणि ‘त्रासाबद्दल क्षमस्व’ यांचे थर चढवले, की सौजन्याऐवजी धास्तीच दिसू लागते. यालाही उत्तर आले नाही, तर ३० जूननंतर एकच वाक्य पाठवावे : ‘कागदाच्या दराची मुदत संपली आहे, काम पुढे न्यायचे ठरल्यास नवा दर कळवीन.’