अन्योन्य की परस्पर? दोन नळ्या आणि आतल्या नळीची त्रिज्या

"मी सांगलीत डिप्लोमाच्या मुलांना शिकवतो. म्युच्युअल इंडक्टन्सला 'अन्योन्य प्रवर्तकता' म्हणावं की 'परस्पर प्रवर्तकता'? आणि एकात एक घातलेल्या दोन नालकुंतलांच्या सूत्रात फक्त आतल्याचीच त्रिज्या येते. मग त्याला 'अन्योन्य' कसं म्हणायचं? मुलं हेच विचारतात."

माझं मत 'अन्योन्य'च्या बाजूने आहे आणि त्याचं कारण आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. संस्कृतात परस्पर आणि अन्योन्य या दोन्ही शब्दांचा अर्थ 'एकमेकांना, एकमेकांचा' असाच आहे. पण मराठीत 'परस्पर'ला दुसराही अर्थ चिकटला आहे. 'भावाने परस्पर ऊस घातला', 'परस्पर जमीन विकली' असं आपण म्हणतो तेव्हा ज्याला कळायला हवं होतं त्याला वगळून काम झालं, असा अर्थ होतो. 'परस्पर प्रवर्तकता' वाचून कुणाचा गैरसमज होईलच असं नाही, पण पारिभाषिक शब्दाला अशी दुहेरी सावली नसलेली बरी. 'अन्योन्य'ला ती नाही.

शिवाय 'अन्योन्य' इथे फार नेमका बसतो. न्यायशास्त्रात 'अन्योन्याभाव' म्हणजे 'घट हा पट नव्हे'. हे उलटं वाचलं तरी तितकंच खरं राहतं: पट हा घट नव्हे. म्युच्युअल इंडक्टन्सचं मर्म हेच आहे. दोन्ही कॉइल एकमेकींवर परिणाम करतात एवढंच सांगून ते पुरतं कळत नाही. पहिलीचा दुसरीवर जेवढा, तेवढाच दुसरीचा पहिलीवर, आकडासुद्धा तोच. मुलांची शंका नेमकी इथेच आहे, म्हणून सूत्र दोन्ही बाजूंनी काढून दाखवायला हवं.

समजा दोन्ही नळ्यांची लांबी ℓ आहे आणि ती त्रिज्यांच्या मानाने खूप मोठी आहे. बाहेरच्या नळीची त्रिज्या R आणि वेढे N₁, आतलीची त्रिज्या r आणि वेढे N₂. बाहेरच्या नळीत I₁ विद्युतधारा सोडली, तर अँपिअरच्या नियमाने तिच्या पोटात सगळीकडे सारखं क्षेत्र मिळतं:

B₁ = μ₀ N₁ I₁ / ℓ

या क्षेत्रात R कुठेच नाही, हे मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्या. लांब नळीच्या आतलं क्षेत्र वेढे किती दाट आहेत त्यावर ठरतं, नळी किती रुंद आहे त्यावर नाही. आता आतल्या नळीच्या एका वेढ्यातून जाणारा फ्लक्स म्हणजे क्षेत्र गुणिले त्या वेढ्याचं क्षेत्रफळ, B₁ × πr². r ते R या मधल्या कड्यातही क्षेत्र आहे, पण ते आतल्या वेढ्यांच्या बाहेरून जातं. ते त्यांच्यातून जातच नाही, म्हणून हिशेबात येत नाही. N₂ वेढ्यांचा मिळून फ्लक्स घेऊन त्याला I₁ ने भागलं की:

M = μ₀ N₁ N₂ πr² / ℓ

आता उलटं करू. धारा आतल्या नळीत, I₂. तिचं क्षेत्र μ₀ N₂ I₂ / ℓ, पण ते फक्त तिच्या पोटात. लांब नळीच्या बाहेर ते जवळजवळ शून्य. बाहेरच्या नळीच्या एका वेढ्याचं क्षेत्रफळ πR² आहे खरं, पण त्यातल्या πr² एवढ्याच भागात क्षेत्र आहे. उरलेलं कडं रिकामं. म्हणून फ्लक्स पुन्हा πr² नेच ठरतो. तो N₁ ने गुणून I₂ ने भागला की हुबेहूब वरचंच M हाती येतं.

म्हणजे πr² हे फक्त आतल्या नळीचं माप नाही, दोघींमधला सामाईक भाग आहे. पहिल्या वेळी क्षेत्र रुंद होतं आणि वेढा अरुंद. दुसऱ्या वेळी वेढा रुंद आणि क्षेत्र अरुंद. दोन्ही वेळा अरुंद बाजूनेच माप ठरवलं. सूत्रात एकीचीच त्रिज्या दिसते ती 'अन्योन्य' असूनही नाही, अन्योन्य असल्यामुळेच.

मिरजेला माझ्या मामांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तिथे आम्ही हे करून पाहिलं, तुम्हीही वर्गात करू शकाल. शेतीच्या पाइपचे दोन तुकडे घ्या, 63 मिलिमीटरचा आणि 40 मिलिमीटरचा. ही मापं बाहेरच्या व्यासाची असतात, त्यामुळे त्रिज्या लगेच मिळते. मोठ्यावर 50 सेंटिमीटर लांबीत 20 गेजच्या तारेचे 500 वेढे चिकटून बसतात. लहानावर मधोमध 10 सेंटिमीटरमध्ये 26 गेजचे 200 वेढे. आतली कॉइल आखूड असल्यामुळे क्षेत्रासाठी बाहेरचीच लांबी धरायची: 0.5 मीटरला 500, म्हणजे मीटरला 1000 वेढे. r = 0.02 मीटर धरून:

M = μ₀ × 1000 × 200 × π × (0.02)² ≈ 0.316 मिलिहेन्री

छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून रिओस्टॅट लावून बाहेरच्या कॉइलला 50 हर्ट्झचा 1 अँपिअर द्या. आतल्या कॉइलवर 2π × 50 × M × 1, म्हणजे सुमारे 99 मिलिव्होल्ट यायला हवेत. तारेची जाडी आणि नळीची मर्यादित लांबी यांमुळे दोन-तीन टक्के इकडेतिकडे होतं. चुकून मोठ्या पाइपची त्रिज्या घातलेल्या मुलाचं उत्तर 246 येतं, अडीचपट. मीटर त्याला फळ्यापेक्षा लवकर पटवतो. मीटरकडे जाणाऱ्या दोन तारा मात्र एकमेकींना पीळ देऊन न्या, नाहीतर त्यांच्या मोकळ्या फेऱ्यातही व्होल्टेज तयार होतं आणि आकडा बिघडतो.

मग अदलाबदल करा. आतल्या बारीक तारेत अर्धाच अँपिअर सोडा आणि बाहेरच्या कॉइलवर मोजा. सुमारे 49.5 मिलिव्होल्ट दिसतील, M तोच. इथे सरळ हिशेब करायला बसलात तर अवघड जातं, कारण आखूड कॉइलचं क्षेत्र टोकांशी पसरतं आणि बाहेरच्या प्रत्येक वेढ्यातून वेगळा फ्लक्स जातो. पण M दोन्हीकडून सारखाच असल्यामुळे सोप्या बाजूने काढलेला आकडा अवघड बाजूलाही चालतो. मामा याला नुसतं 'म्युच्युअल' म्हणतात आणि दुकानात तेच बरोबर आहे.

'प्रवर्तन' आणि 'प्रवर्तकता' यांचीही गल्लत होते. प्रवर्तन ही घटना, धारा बदलत असेल तरच घडणारी. प्रवर्तकता हा त्या जोडीचा गुण, धारा बंद असली तरी 0.316 मिलिहेन्रीच. M साठी '-ता' लागलेला शब्दच वापरा.

तुमच्या मुलांपुढे 'समाक्ष' हा शब्दही येईल. वरच्या प्रयोगात लहान पाइप मोठ्याच्या मधल्या भागात ठेवून भिंतीला टेकवून पाहा. अक्ष वेगळे झाले, फक्त समांतर राहिले, तरी मीटरचा आकडा हलत नाही, कारण आत क्षेत्र सगळीकडे सारखं आहे. हाच पाइप अक्षावरच ठेवून टोकाकडे ओढत न्या. आतल्या कॉइलचा मध्य मोठ्या नळीच्या तोंडाशी आला की आकडा निम्म्यावर येतो.