भरलेल्या हप्त्यासाठी अर्धवट कोर्स पूर्ण करावा का?

«अनपेक्षित १ लाख बोनस मिळाला. वरचे पैसे आहेत म्हणून फोटोग्राफीच्या वर्षभराच्या कोर्सला नाव घातलं. फी ७०,०००, पहिला हप्ता ३०,००० भरलाय, तो परत मिळत नाही. चार महिन्यांत कंटाळा आलाय आणि आता ४०,००० चा दुसरा हप्ता भरायचाय. सोडला तर ३०,००० पाण्यात. बोनसमधले ७०,००० वेगळ्या बचत खात्यात आहेतच, तर पूर्ण करून टाकू का? (क्रेडिट कार्डची ६०,००० थकबाकी आहे, ती पगारातून हळूहळू फेडतोय.)»

तुम्ही कंसात टाकलेलं वाक्यच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, पण आधी कोर्सचं बघू.

३०,००० गेले. कोर्स सोडला तरी गेले, पूर्ण केला तरी गेले. दोन्हीकडे सारखाच असलेला आकडा निवडीत धरायचा नसतो. आज तुमच्यासमोर असलेला व्यवहार एवढाच आहे: उरलेले आठ महिने, त्यातले शनिवार-रविवार, आणि त्यासाठी ४०,०००. एखाद्या अनोळखी संस्थेने आज हेच आठ महिने ४०,००० ला देऊ केले असते, तर नाव घातलं असतं का? हो असेल तर भरा, नाही तर सोडा.

इथे अनेक जण घाईने ‘बुडीत खर्च विसरा, सोडून द्या’ असा सल्ला देतात, तो अर्धाच बरोबर आहे. मागचा खर्च स्वतः मोजायचा नसला, तरी त्यामुळे पुढचा सौदा बदललेला असू शकतो. समजा प्रमाणपत्र कोर्स पूर्ण झाल्यावरच मिळतं आणि त्याचा तुम्हाला खरंच उपयोग आहे. मग पूर्ण प्रमाणपत्र आता तुम्हाला ७०,००० ला नाही, ४०,००० ला पडतंय. पूर्ण फी देऊन जो कोर्स घ्यावासा वाटला नसता, तो या भावात घेण्यासारखा असू शकतो. उलट, नुसतं शिकण्यासाठी गेला होतात आणि शिकण्यातला रस संपलाय, तर ४०,००० देऊन आठ महिन्यांचा कंटाळा विकत घेताय. आणखी एक: ‘परत मिळत नाही’ हे पावतीवर वाचलंय की कुणी तोंडी सांगितलंय? समजा सोडल्यावर १०,००० परत मिळणार असतील, तर ते अजून बुडालेले नाहीत. मग पुढे जाण्याची किंमत ४०,००० नसून ५०,००० होते. परत मिळू शकणारी रक्कम बुडीत धरणं ही उलट्या बाजूची चूक, आणि तीही सर्रास होते.

पैसे भरले म्हणून जाण्याची ओढ किती तर्काची असते, यावर आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांचा १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छान प्रयोग आहे. नाटकांच्या हंगामी तिकिटासाठी रांगेत आलेल्यांपैकी काहींना पूर्ण किमतीत आणि काहींना, कुठलाही क्रम न लावता, सवलतीत तिकीट दिलं. नाटकं तीच, जागाही त्याच दर्जाच्या. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण किंमत मोजलेले लोक जास्त नाटकांना गेले. दुसऱ्या अर्ध्यात मात्र हा फरक उरला नाही. पैसे तर तेवढेच गेलेले होते. निवला होता तो फक्त चटका. तुमचेही ३०,००० अजून चटका देताहेत. वर्षभरापूर्वी भरले असते तर हा प्रश्न तुम्ही कदाचित विचारलाही नसता.

आता ‘बोनसचेच पैसे’. रिचर्ड थेलर यांनी या सवयीला मेंटल अकाउंटिंग म्हटलं (२०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांनाच). डोक्यात आपण पैशांची वेगवेगळी खाती उघडतो, आणि पैसा कुठून आला यावरून तो कसा खर्चायचा ते ठरतं. बोनस म्हणजे उधळपट्टी असा मात्र सरसकट नियम नाही. जपानमधल्या कुटुंबांवरच्या १९८४ च्या एका अभ्यासात नेहमीच्या उत्पन्नातल्या दर १०० मागे साधारण ६९ खर्च होत होते, तर बोनसमधल्या दर १०० मागे ४४ च. ठरलेल्या वेळी येणारी मोठी ठोक रक्कम लोक मालमत्तेसारखी जपतात. हात सैल सुटतो तो अनपेक्षित, लहानसहान किंवा ‘वरच्या’ वाटणाऱ्या पैशावर. तुमच्या बाबतीत गंमत अशी की एकाच रकमेवर दोन्ही घडलं: ३०,००० ‘वरचे’ म्हणून सहज गेले आणि ७०,००० ‘बचत’ म्हणून हात लावायचा नाही असे झाले.

आणि या दुसऱ्या पाटीमुळेच तुमचं खरं नुकसान होतंय. कार्डावर महिन्याला ३ टक्के व्याज धरतो, तुमच्या स्टेटमेंटवर नेमका दर असेल तो घ्या. ६०,००० वर महिन्याला १,८०० गेले. तेवढेच ६०,००० बचत खात्यात वर्षाला ३ टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला मिळतात १५०. म्हणजे तुम्ही स्वतःकडेच पैसे असताना दरमहा १,६५० देऊन दुसऱ्याचे वापरताय. शिवाय थकबाकी पुढे ढकलली जात असेल तर बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. बोनसचं खातं आणि कार्डाचं खातं डोक्यात शेजारी ठेवलंच नाही, म्हणून हे दिसलं नाही.

म्हणून माझा क्रम असा: ७०,००० मधून आधी कार्ड पूर्ण फेडा. हाती १०,००० राहतील. मग हप्त्याचा प्रश्न पुन्हा विचारा, कारण आता ते ४०,००० पगारातूनच काढावे लागतील. पोटात गोळा आला? मग उत्तर मिळालं. पगाराचे असते तर दिले नसते, तर बोनसचे देण्यालाही कारण नाही.

कार्ड आधी न फेडता हप्ता भरलात तर काय होईल तेही मांडतो. ७०,००० मधले ४०,००० कोर्सला, ३०,००० कार्डाला. कार्डावर ३०,००० उरले. महिन्याला ५,००० भरत गेलात तर सात महिने लागतील आणि व्याज जाईल साधारण साडेतीन हजार. म्हणजे त्या हप्त्याची खरी किंमत ४३,५०० च्या आसपास. पहिल्या प्रश्नात ४०,००० च्या जागी हा आकडा घालून बघा.

वेगळी खाती ठेवणं वाईट असं मी म्हणत नाही. अडीअडचणीसाठी बाजूला काढलेल्या रकमेला नाव दिलं की तिला सहसा हात लागत नाही, आणि ज्याला खर्च आवरत नाही त्याला हीच भिंत वाचवते. तुम्हालाही एक धोका आहेच: कार्ड रिकामं झालं की मर्यादा मोकळी होते, आणि काही महिन्यांत ती पुन्हा भरलेली असते. तसा तुमचा स्वभाव असेल तर फेडल्यावर लगेच मर्यादा कमी करून घ्या, आणि आता कार्डापोटी जे दरमहा भरता तेवढेच पगाराच्या दिवशी आपोआप बचतीत वळते करा. खर्चाला लगाम घालणारी भिंत राहू द्या. महाग कर्ज आणि स्वस्त बचत यांच्यामधली तेवढी पाडा.

हप्ता भरायच्या आधी संस्थेकडून दोन गोष्टी लेखी विचारून घ्या: आत्ता सोडल्यास काही परतावा मिळतो का, आणि तुमची जागा दुसऱ्याच्या नावावर करता येते का. बॅच पुढे ढकलता येत असेल तर तेही कळवा, मग हिशेब बदलेल.