सिम्प्लेक्स सहा पायव्हटनंतर पुन्हा पहिल्याच टेबलावर का येतो?

प्रश्न: माझ्या सिम्प्लेक्समध्ये z वाढतच नाही आणि काही पायऱ्यांनी तेच टेबल परत येतं. गणित चुकतंय का? ब्लँडच्या नियमाने हे थांबतं म्हणतात, ते कसं?

उत्तर: गणित बरोबर असूनही असं होऊ शकतं. बेसिसमधल्या एखाद्या व्हेरिएबलची किंमत 0 असेल तर तो बेसिस डीजनरेट. त्या ओळीत किमान गुणोत्तर 0 आलं की बेसिस बदलतो, पण बिंदू जागचा हलत नाही आणि z तेवढाच राहतो. असे दोनचार पायव्हट नेहमीच होतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तोच बेसिस पुन्हा आला तर मात्र ते चक्र.

बील यांचं 1955 चं उदाहरण हाताने सोडवा. अपूर्णांकांतच सोडवा, कारण दशांशातल्या बारीक चुकांनी चक्र आपोआप तुटू शकतं.

```
max z = 3/4 x1 - 20 x2 + 1/2 x3 - 6 x4
1/4 x1 -  8 x2 -     x3 + 9 x4 <= 0
1/2 x1 - 12 x2 - 1/2 x3 + 3 x4 <= 0
x3 <= 1,  x1..x4 >= 0
```

स्लॅक x5, x6, x7 घ्या. z मध्ये ज्याचा सहगुणक सर्वांत मोठा ते आत घ्यायचं, आणि गुणोत्तरं सारखी आली तर लहान क्रमांकाचं बाहेर काढायचं, हा नेहमीचा नियम. त्याने x1, x2, x3, x4, x5, x6 क्रमाने आत येतात, x5, x6, x1, x2, x3, x4 बाहेर जातात. सहाव्या पायव्हटला आपण सुरुवातीच्या बेसिसवर, z = 0.

ब्लँडचा नियम (1977) असा: सहगुणक धन असलेल्यांपैकी सर्वांत लहान क्रमांकाचं आत, गुणोत्तराच्या बरोबरीतही सर्वांत लहान क्रमांकाचं बाहेर. इथे पहिले चार पायव्हट तेच येतात. मग z = x5 − x6 + ½x1 − 16x2 दिसतं. जुना नियम x5 घेतो, ब्लँड x1 घेतो. x1 ला फक्त x7 ची ओळ अडवते, गुणोत्तर 2/5, आणि z पहिल्यांदाच हलून 1/5 होतो. पुढे x5 आत, x4 बाहेर: x1 = 1, x3 = 1, z = 5/4. हेच इष्टतम उत्तर.

आता हे कधीच का अडकत नाही? समजा अडकलं. चक्रात आत-बाहेर करणाऱ्यांत सर्वांत मोठ्या क्रमांकाचं xt घ्या. ते आत आलं तेव्हा चक्रातल्या बाकी कुणाचाच सहगुणक धन नव्हता, नाहीतर ते आधी आत आलं असतं. आता xt बाहेर जातानाचं टेबल घ्या. तिथे कुणी xs आत येतंय. दोन्ही टेबलांतला z एकच असल्यामुळे xs वाढवल्यावर होणारा बदल दोन्हींकडून जुळायला हवा. तो जुळायचा तर xs च्या स्तंभात t पेक्षा लहान क्रमांकाचं, किंमत 0 असलेलं आणि बाहेर जाण्यास पात्र असं xr असावंच लागतं. मग नियमाने xr गेलं असतं, xt नाही. विसंगती. म्हणून आत आणि बाहेर, दोन्हीकडे लहान क्रमांक पाळावा लागतो. एकीकडेच पाळला तर हा युक्तिवाद कोसळतो.

ब्लँडने पायव्हट मात्र बऱ्याचदा जास्त लागतात. म्हणून मी नेहमीचाच नियम चालू ठेवतो आणि बरेच पायव्हट z हलला नाही तरच ब्लँडकडे वळतो. z पुढे सरकला की परत पहिल्या नियमावर.