अटॅकनंतर चौथ्या रात्री पेशंट बिघडला तर: स्नायू, पडदा की भिंत?

प्रश्न: "ठाण्यात एका नर्सिंग होमला नाईट आरएमओ आहे. एमआयनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेशंट अचानक बिघडला तर पॅपिलरी मसल, सेप्टम आणि फ्री वॉल यातलं नक्की काय फुटलं हे बेडजवळ उभं राहून कसं ओळखायचं? सगळे म्हणतात नवीन मर्मर शोध, पण मला रात्री कधी कधी काहीच ऐकू येत नाही."

मी १८ वर्षं ठाण्यात सीसीयू बघतेय आणि माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्यात वाईट पॅपिलरी रप्चरमध्ये मलाही मर्मर जवळजवळ ऐकू आला नव्हता, म्हणून तीच केस आधी सांगते.

आजी ६६ वर्षांच्या, बाळकुमच्या. रात्री जेवण झाल्यावर छातीखाली जळजळ आणि दोन उलट्या, घरच्यांना वाटलं पित्त, सोडा दिला, आणि आणलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. ईसीजीत इन्फिरिअर वॉलचा अटॅक, क्यू वेव्ह येऊन गेलेल्या, दुखणं थांबलेलं, इकोत फंक्शन तसं ठीक. घरचे म्हणाले अँजिओग्राफी दोन दिवसांनी करू, आम्हीही हो म्हणालो. चौथ्या रात्री पावणेचारला सिस्टरांचा फोन आला, "मॅडम, आजी आडव्याच होत नाहीयेत, सारख्या उठून बसतायत, खिडकी उघडा म्हणतायत." जाऊन बघते तर पल्स १२६, बीपी ८८/६०, ऑक्सिजन चालू असूनही सॅच्युरेशन ८४, आणि पाठीवर स्टेथो ठेवला तर वरपर्यंत बुडबुडे. छातीवर ऐकलं तर एपेक्सला काहीतरी हलकं 'हुश' असं, ते पण त्या धापेत आणि बुडबुड्यांत खरंच आहे की भास हे कळेना. पोर्टेबल एक्सरेमध्ये उजवीकडे वरच्या भागात पांढरं जास्त दिसत होतं, डावीकडे बरंच कमी, आणि तिथेच मी चुकले. उलट्या झाल्या होत्या, काहीतरी छातीत गेलं असेल, न्यूमोनिया असेल असं धरून मी अँटिबायोटिक लिहिलं, लॅसिक्स ४० दिलं, आणि दोन तास वाट बघितली.

सहा वाजता कार्डिओलॉजिस्टनी इकोचा प्रोब ठेवला तर डावा व्हेंट्रिकल धडाधड चालत होता, पहिल्या इकोपेक्षाही जोरात, आणि मायट्रल व्हॉल्व्हची एक पाकळी सुटून प्रत्येक ठोक्याला एट्रियममध्ये आपटत होती, आणि तिच्या दोऱ्यांच्या टोकाला तुटलेल्या स्नायूचा तुकडा, दोरीला बांधलेला गोळा हेलकावे खावा तसा. उजवीकडचं ते पांढरं म्हणजे न्यूमोनिया नव्हताच. मागे उसळलेल्या रक्ताची धार उजव्या वरच्या फुप्फुसातून येणाऱ्या शिरेच्या तोंडावर आदळत होती, म्हणून पाणी तिथे जास्त साठलं होतं. अटॅकनंतर अचानक दम लागलेल्या पेशंटचा एक्सरे उजवीकडे वर जास्त पांढरा दिसला तर न्यूमोनिया लिहिण्याआधी मायट्रल व्हॉल्व्ह बघायचा, हे मी त्या दिवसानंतर कधी विसरले नाही.

आता मर्मर का नव्हता ते बघा, कारण तुमच्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. नळीच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी आवाज करतं, बोट काढलं की तेच पाणी गपचूप वाहतं. स्नायू पूर्ण तुटला की व्हॉल्व्हचं तोंड सताड उघडं पडतं. शिवाय डावं एट्रियम छोटं, त्याला एवढ्या रक्ताची सवय नाही, म्हणून तिथलं प्रेशर ठोका संपायच्या आतच व्हेंट्रिकलच्या बरोबरीला येतं, आणि दोन्हीकडे प्रेशर सारखं झाल्यावर आवाज येणार कुठून. म्हणजे फाटणं जितकं मोठं तितका मर्मर छोटा असं होऊ शकतं. मर्मर हलका आहे म्हणून गळतीही थोडीच असेल असं समजू नका.

आणि अटॅक छोटा होता म्हणून निश्चिंत राहू नका. मायट्रलला धरणारे स्नायू दोन. एकाला बहुतेक वेळा दोन धमन्यांकडून रक्त मिळतं, पण मागच्या-आतल्या बाजूच्या स्नायूला, ज्याला पोस्टेरोमेडियल म्हणतात, बहुतेकांमध्ये एकाच धमनीचा आधार. म्हणून ही भानगड जास्त करून इन्फिरिअर अटॅकमध्ये, आणि बाकीचं हृदय चांगलं असतानाही होते.

पडदा फाटला, म्हणजे व्हीएसआर झाला, की चित्र वेगळं. इथे मर्मर सहसा तुम्हाला सापडतो, जोरदार, खरखरीत, स्टर्नमच्या डाव्या कडेला, आणि तळहात ठेवला तर बऱ्याच जणांत, साधारण निम्म्यांत, थ्रिल लागते. माझ्याकडे दिव्याचे एक काका होते, समोरच्या भिंतीचा मोठा अटॅक, पाचव्या दिवशी बीपी ८० वर आलं, हातपाय गार, लघवी थांबली, पण ते उशीवर बऱ्यापैकी आडवे पडून माझ्याशी बोलत होते. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, यकृताजागी दाबलं तर कळवळले, छाती मात्र त्या मानाने बरीच मोकळी. आजी आडव्या होऊ शकत नव्हत्या आणि काका झोपून होते, हा फरक लक्षात ठेवा. भोकातून रक्त उजवीकडे जातं, उजवी बाजू आधी भरते, पुढचा सगळा प्रवाह कमी पडतो म्हणून शॉक, आणि फुप्फुसात पाणी येतं पण पॅपिलरीसारखं एका तासात माणूस बुडत नाही. अर्थात हा नियम शंभर टक्के चालत नाही, मोठं भोक असेल तर छातीही भरते.

काकांची खात्री कॅथलॅबमध्ये झाली. उजव्या एट्रियममधल्या रक्ताचं सॅच्युरेशन ५४ आणि फुप्फुसाच्या धमनीतलं ७८. मध्ये कुठेही शुद्ध रक्त मिसळायची जागा नसताना २४ ची उडी आली, म्हणजे डावीकडचं रक्त पडद्यातून आत येतंय. इकोवर रंगीत डॉपलरने हेच दिसतं, पण समोरच्या अटॅकमध्ये भोक टोकाजवळ असतं आणि इन्फिरिअरमध्ये मागे, मुळाशी, वाकडंतिकडं, त्यामुळे नेहमीच्या एका व्ह्यूमध्ये दिसलं नाही म्हणून नाही असं म्हणू नका, प्रोब फिरवून आणि पोटाच्या बाजूनेही बघायला सांगा.

भिंत फुटली की बहुतेक वेळा विचार करायला सवडच मिळत नाही. मॉनिटरवर व्यवस्थित ठोके दिसतायत आणि हाताला नाडी नाही, हे दिसलं की आधी हेच डोक्यात यायला हवं. रक्त पेरिकार्डियममध्ये भरतं, हृदयाला फुगायला जागा राहत नाही, खेळ संपतो. पण काही पेशंटमध्ये आधी झिरपतं, आणि त्यांना वाचवता येतं. अशा पेशंटची लक्षणं फसवी असतात, उगाच अस्वस्थ, घामाघूम, सारखी उलटीची भावना, छातीत पुन्हा दुखतंय पण ते श्वासाबरोबर टोचतं, मध्येच चक्कर, बीपी आणि पल्स दोन्ही एकदम खाली जाऊन परत वर. सिस्टर म्हणतात "काका आज किरकिर करतायत" आणि झोपेचं इंजेक्शन मागतात. उतारवयातली बाई, पहिलाच अटॅक, उशिरा आलेली, उपचार उशिरा, असं असेल तर ही किरकिर मी नुसती किरकिर समजत नाही. मानेच्या शिरा फुगलेल्या आणि छाती मोकळी, मर्मर नाही, आणि इकोत हृदयाभोवती पाणी, त्यात जेलीसारखे गोळे. अटॅकनंतर थोडंसं पाणी अनेकांना दिसतं, तेवढ्यावरून घाबरू नका, गोळे दिसले किंवा बीपी पडतंय तर मात्र थांबू नका.

ओळखण्याची घाई एवढ्यासाठी की तिघांचं बीपी पडलेलं असतं पण उपचार उलटसुलट आहेत. टॅम्पोनाडला लॅसिक्स आणि नायट्रो दिलंत तर उरलंसुरलं भरणंही जाईल, तिथे सलाईन धरायचं, आणि सुई घालावी लागली तर बीपी उठेल एवढंच काढायचं, सगळं रिकामं केलं की प्रेशर वाढून तीच चीर पुन्हा उसळते, खरा इलाज सर्जनकडे. पॅपिलरी आणि पडदा यांत उलट, पुढची वाट सोपी केली की मागे किंवा आडवं जाणारं रक्त कमी होतं, म्हणून बलून पंप लावतात, बीपी साथ देत असेल तर नायट्रोप्रुसाइड. बीपी कमी दिसलं म्हणून नुसतं नॉरॲड्रेनलिन वाढवत नेलं तर गळतीही वाढत जाते.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशीच हे का घडतं हे पण समजून घ्या. मेलेला स्नायू साफ करायला पांढऱ्या पेशी येतात, त्यांचे एन्झाइम तो विरघळवतात, आणि नवा धागा, म्हणजे खपली-व्रण, अजून तयार झालेला नसतो. मधले ते दिवस भिंत ओल्या पावासारखी असते. काही मात्र पहिल्या २४ तासांतच फुटतात, म्हणून पहिल्या रात्रीलाही सूट नाही. सर्जनना पडद्याच्या बाबतीत हाच त्रास, टाके पावात धरत नाहीत, म्हणून पेशंट स्थिर असेल तर ते काही दिवस थांबायचं बघतात, आणि स्थिर नसेल तर थांबता येत नाही. पॅपिलरीला मात्र थांबणं नसतं.

रात्री मी आता काय करते तर आधी मान बघते, मग माणूस आडवा होऊ शकतो का बघते, हात छातीवर ठेवते, आणि त्यानंतर स्टेथो. इको तुम्हाला येत नसेल तर येणाऱ्याला झोपेतून उठवा, आणि एकच गोष्ट विचारा, पंप चांगला चालतोय का. डावा व्हेंट्रिकल चांगला आकुंचन पावतोय आणि पेशंट शॉकमध्ये, हे जुळत नाही, काहीतरी फाटलंय असं धरून पुढे जा.

आजींना सात वाजता ट्यूब टाकून, ऐरोली ब्रिजवरून नवी मुंबईला नेलं, बलून तिथे लागला, दुपारी व्हॉल्व्ह बदलला आणि एक बायपास झाला. १७ व्या दिवशी घरी गेल्या. फोनवर सर्जनना मी "दम लागलाय, बीपी लो आहे" असं सांगायला लागले तेव्हा त्यांनी तोडून विचारलं, "अटॅकचा कितवा दिवस, कुठली भिंत, आडव्या झोपतात का, फंक्शन कसं?" तुम्ही याच क्रमाने बोला, पहिल्याच वाक्यात: "इन्फिरिअर एमआयचा चौथा दिवस, अचानक पल्मनरी एडिमा, बीपी ८८, एलव्ही चांगला, पॅपिलरी रप्चर वाटतंय."