लेजंड काढून रेषेच्या टोकाला नाव: अकरा विहिरींचा चार्ट

प्रश्न: माझ्या लाइन चार्टमध्ये १२ रेषा आहेत. लेजंड काढून प्रत्येक रेषेच्या टोकाला नाव लिहिलं तर चालेल का? नावं एकमेकांवर चढतात, त्याचं काय करायचं? एक्सेल वापरतो.

उत्तर:

चालेल काय, तेच करा. बारा रेषांना लेजंड लावणं म्हणजे वाचणाऱ्याला बारा वेळा उजवीकडं-डावीकडं पळवणं. हे मी एवढ्या ठामपणे का म्हणतो, ते सांगतो.

बीड जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही अकरा विहिरींची पाणीपातळी मोजायचो. ऑक्टोबर ते मे, दर पंधरा दिवसांनी, काठापासून पाण्यापर्यंत टेप सोडून फूट लिहायचे. आदल्या वर्षाचा चार्ट करून फ्लेक्सवर छापला आणि फेब्रुवारीच्या ग्रामसभेत समाजमंदिरात लावला. टंचाईत कोणती विहीर अधिग्रहणाला सुचवायची, ते त्यावरून ठरणार होतं. मी छपाईआधीच आमच्या साहेबांना म्हणालो होतो की नावं रेषेजवळ लिहू. ते म्हणाले, "लेजंडशिवाय चार्ट अपूर्ण दिसतो, वर पाठवायचाय." लेजंड राहिलं.

एक्सेलच्या थीममध्ये मूळ रंग सहाच असतात. सातव्या रेषेपासून तेच रंग जरा गडद होऊन परत येतात. आमच्या पहिल्या रकान्यात नाल्याकाठची विहीर होती, सातव्यात माळावरची. म्हणजे एक निळी, दुसरी गडद निळी, आणि फ्लेक्सवर दोन्ही सारख्याच. शिवाय लेजंडमधला क्रम रकान्यांचा असतो, रेषा कुठं संपतात त्याचा नसतो, त्यामुळं क्रमावरूनही काही लागत नाही. एक म्हातारे शेतकरी फ्लेक्सजवळ जाऊन बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यातली मपली हीर कोंची?" कुणालाच झटकन सांगता आलं नाही. मलासुद्धा नाही, आणि चार्ट मी काढलेला.

शेवटी मेपर्यंत टिकलेली निळी रेषा माळावरच्या विहिरीची धरली गेली. मालक पुण्याला, त्यामुळं सांगणारं कुणी नव्हतं. प्रस्ताव तिचाच गेला. ती मार्चच्या मध्यात आटली, आदल्या वर्षी आटली होती तशीच. टिकणारी विहीर नाल्याकाठची होती. पुढं महिनाभर बायका डोक्यावर हंडे घेऊन नाल्यापर्यंत गेल्या. साहेब म्हणाले, लोकांना चार्ट वाचता येत नाही. लोकांना वाचता येत होतं. दोन निळ्यांतून एक ओळखायचं काम आपण त्यांच्यावर टाकलं होतं.

पुढच्या वर्षी मी त्याच आकड्यांचा चार्ट पुन्हा काढला, नावं टोकाला लिहून. तेव्हा कळलं की टोक हीच खरी बातमी आहे. आटलेल्या विहिरीची रेषा मार्चमध्येच तुटते, मग तिचं नावही तिथंच, चार्टच्या मधोमध येतं. "माळावरची" हा शब्द मार्चवर लिहिलेला दिसला की ती कधी आटली हे वेगळं सांगावं लागत नाही. लेजंडला हे कधीच जमणार नाही.

आता तुमची खरी अडचण, नावं एकमेकांवर चढण्याची. आमच्याकडं मेअखेर तीन विहिरी ३१, ३१.५ आणि ३२ फुटांवर संपत होत्या. चार्टची उंची १० सेंटिमीटर आणि अक्ष ५० फुटांचा, शून्य वर आणि ५० खाली, म्हणजे एक फूट २ मिलिमीटर. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार, त्यामुळं एका नावाला साधारण ५ मिलिमीटर लागतात. इंग्रजी अक्षरांच्या अंदाजानं जागा सोडली तर उकार खालच्या नावात घुसतात. पाच मिलिमीटर म्हणजे अडीच फूट. मग मधलं नाव ३१.५ वरच ठेवलं, वरचं २९ वर नेलं आणि खालचं ३४ वर. त्याखालची विहीर ३८ वर होती, म्हणून तिला धक्का लागला नाही. ती जवळ असती तर तीही ढकलावी लागली असती. सरकवलेल्या नावापासून टोकापर्यंत एक बारीक करडी रेघ ओढायची. नावांचा वरखाली क्रम मात्र टोकांचाच राहिला पाहिजे. क्रम उलटला की चार्ट खोटं बोलतो.

एक्सेलमध्ये रेषेवर एकदा क्लिक केलं की सगळी रेषा निवडली जाते, थोडं थांबून शेवटच्या बिंदूवर पुन्हा क्लिक केलं की फक्त तो बिंदू. त्याला Data Label लावा, Series Name ठेवा, Value काढा, जागा Right. मग Plot Area ची उजवी कड आत ओढा, नाहीतर नावाला जागा उरत नाही. नाव रेषेच्याच रंगात, फिकट रंग असेल तर जरा गडद करून.

पण असं हातानं लावलेलं लेबल त्याच बिंदूला चिकटून राहतं. पुढच्या पंधरवड्याचा आकडा भरला की रेषा पुढं जाते आणि नाव मागं राहतं. दर महिन्याला आकडे वाढत असतील तर प्रत्येक विहिरीला शेजारी एक जास्तीचा रकाना करा. त्यात फक्त शेवटचा आकडा येतो:

```
=IF(AND(B2<>"",COUNT(B3:B$40)=0),B2,NA())
```

आकडे B मध्ये आणि ४० व्या ओळीच्या आत संपणारे, असं धरलंय. हा रकाना त्याच नावाची वेगळी मालिका म्हणून चार्टमध्ये घाला, तिची रेघ बंद करा आणि लेबल या मालिकेला लावा. नाव आपोआप पुढं सरकतं.

आटलेल्या विहिरीसमोर शून्य लिहू नका, ती जागा रिकामी सोडा. खोली मोजताना शून्य म्हणजे पाणी काठाला लागलंय. आमच्याकडं एका पोरानं शून्यं भरली होती. भर उन्हाळ्यात एक रेषा सरळ वर उसळली, तेव्हा ते लक्षात आलं.

एक राहिलं. उजवं टोकच पाहिजे असं काही नाही. नाव तिथं लिहायचं जिथं रेषा फाकलेल्या असतात. ऑक्टोबर ते मे हा आटण्याचा चार्ट, त्यात रेषा उजवीकडं फाकतात. जून ते ऑक्टोबर उलटं होतं. चांगला पाऊस झाला की बऱ्याच विहिरी काठाजवळ येतात आणि उजवीकडं सगळ्या रेषा एका ठिकाणी गोळा होतात. तिथं मी नावं डावीकडं, जूनच्या टोकाला लिहितो. आणि रेषा पंधराच्या वर गेल्या तर टोकाची नावंही पुरत नाहीत. मग तीन-चार महत्त्वाच्या विहिरी रंगात आणि नावासकट ठेवतो, बाकीच्या करड्या. ज्यांची विहीर करडी राहिली ते विचारतातच, म्हणून प्रत्येक विहिरीचा छोटा वेगळा चार्ट त्याच अक्षावर काढून दुसऱ्या कागदावर सोबत नेतो.