बटण दाबलं की गिझर चालतो, चार दिवसांनी पुन्हा बंद: कॉइल बदलावी का?

"गिझरमधून थंडच पाणी येत होतं. मेकॅनिकने आतलं छोटं बटण दाबलं, चार दिवस चांगला चालला, पुन्हा बंद. आता तो म्हणतो कॉइल गेली. बदलू का?"

इतक्यात बदलू नका. जळून तुटलेली कॉइल बटण दाबून चार दिवस पाणी तापवत नाही. ते बटण कटआउटचं आहे. टाकीत उष्णता प्रमाणाबाहेर वाढली की तो सप्लाय तोडतो आणि हाताने दाबेपर्यंत परत जोडत नाही. म्हणजे तुमचा गिझर तापत नाही म्हणून नव्हे, जास्त तापतो म्हणून बंद पडतोय. सारखं बटण दाबत राहणं धोक्याचं आहे.

जास्त तापण्याची कारणं मुख्यतः दोन. बंद पडण्याच्या आदल्या दिवशी पाणी हात भाजेल इतकं कडक, वाफाळतं आलं असेल, तर थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटलेत, म्हणून तो वेळेवर सप्लाय तोडत नाही. मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून, पाणी गरम असतानाच थर्मोस्टॅट सर्वांत कमीवर आणा आणि त्याच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावा. सर्किट तुटलेलं दिसायला हवं. तरीही शून्य ओहम दाखवला, तर थर्मोस्टॅट बदला.

पाणी नेहमीइतकंच गरम, पण वेळ जास्त आणि आतून चुरचुर, खदखद आवाज, असं असेल तर क्षार. आमच्याकडच्या 25 लिटरच्या, 2 किलोवॉटच्या गिझरचं हेच झालं होतं. 25 अंशांचं पाणी 60 पर्यंत न्यायला त्याला साधारण अर्धा तास लागायला हवा, लागत होता पाऊण. कॉइल मोजली तर 27 ओहम, म्हणजे ठणठणीत. टाकी रिकामी करून फ्लँज काढला, तर कॉइलच्या वेटोळ्यांमधली फट पांढऱ्या खड्यांनी बुजलेली आणि थर्मोस्टॅटची नळीही त्यातच गाडलेली. कॉइलची उष्णता पाण्यात जायच्या ऐवजी तिथेच कोंडत होती, आणि शेजारचा कटआउट उडत होता.

कॉइल सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवली. फेस थांबला की पाणी बदलायचं. टर्मिनल मात्र कोरडे ठेवा. हातोडीने खडे फोडायचा मोह आवरा (मी एकदा फोडलेत): कॉइलच्या बाहेरच्या नळीला चीर गेली की पाणी आत शिरतं, आणि मग करंट गळून ईएलसीबी, म्हणजे गळती होताच सप्लाय तोडणारा स्विच, उडतो. टाकीच्या तळाचा गाळही काढा, गॅस्केट नवं घाला. गरम नळातून अखंड धार येईपर्यंत स्विच लावू नका, कोरडी कॉइल मिनिटभरातही जाऊ शकते.

कॉइल बदलायची वेळ दोनदाच येते: मीटर तिच्या टोकांमध्ये सर्किट तुटलेलं दाखवतो तेव्हा, किंवा गिझर लावताच ईएलसीबी उडतो आणि टोक व बॉडी यांच्यात गळती सापडते तेव्हा. हे मोजून दाखव म्हणा त्याला.