572 चौरस मीटर आले कुठून?

प्रश्न: वेड्यावाकड्या प्लॉटचा व्यवहार चौरस मीटरच्या दराने ठरलाय. विक्रेत्याने मोजणी नकाशाचा फोटो पाठवलाय. बाजू ओळीने 24, 18, 28 आणि 26 मीटर, आत तिरकी तुटक रेघ, तिच्यावर 30. करारनाम्याच्या मसुद्यात क्षेत्र 572 चौरस मीटर आहे. सही करू का?

उत्तर: आत्ता नको. 572 हा आकडा समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून आलेला दिसतो: 24 व 28 ची 26, 18 व 26 ची 22, आणि 26 × 22 म्हणजे 572. ही रीत फक्त काटकोनी प्लॉटला बरोबर आहे. इतर कुठल्याही चौकोनाचं क्षेत्र ती वाढवूनच सांगते, म्हणून विकणाऱ्यांची लाडकी.

तुटक रेघ हा कर्ण. ती 24 आणि 18 या बाजूंच्या मोकळ्या टोकांना जोडते का, ते आधी पाहा. तसं असेल तर एक त्रिकोण 24, 18, 30 चा आणि दुसरा 30, 28, 26 चा. पहिला काटकोनी आहे, म्हणून 24 × 18 ÷ 2 = 216. दुसऱ्याला हेरॉनचं सूत्र लावा: तिन्ही बाजूंच्या बेरजेचं अर्धं 42. त्यातून बाजू वजा केल्या की 12, 14 आणि 16 उरतात. 42 × 12 × 14 × 16 चं वर्गमूळ 336. एकूण 552, म्हणजे मसुद्यापेक्षा 20 चौरस मीटर कमी.

कर्णाचा आकडा चुकीचा वाचला असेल, असं समोरचा म्हणेल. म्हणू दे. या क्रमाने या चार बाजू घेऊन जास्तीत जास्त क्षेत्र सुमारे 563 होतं, कर्ण काहीही धरा. बाजू खऱ्या असतील तर 572 होणं शक्यच नाही.

फोटोवर पट्टी ठेवून मात्र काही काढू नका. मोबाइल तिरका धरला असेल तर दूरची बाजू आखूड दिसते. खात्री करायची असेल तर 24 आणि 28 च्या बाजू फोटोवर मोजा. पहिली 48 मिलिमीटर भरली तर दुसरी 56 भरायला हवी. 51 भरली, तर त्या फोटोतली लांबी विसरा, फक्त लिहिलेले आकडे घ्या.

तुमचा हिशेब हा पुरावा नव्हे, पण हरकत घ्यायला पुरेसा आहे. ती लेखी घ्या, नकाशाची प्रमाणित प्रत मागा आणि दोघांच्या हजेरीत मोजणी करून घ्या. कर्णही टेपने मोजायला लावा. मसुद्यातलं ‘क्षेत्र कमीजास्त भरल्यास तक्रार नाही’ छापाचं वाक्य काढून टाका. त्याजागी ‘किंमत संयुक्त मोजणीत भरलेल्या क्षेत्रावर, ठरलेल्या दराने’ असं घाला आणि बाजू व कर्ण लिहिलेला नकाशा कराराला जोडा. एकदा ठोक रक्कम आणि चतुःसीमा लिहून सही झाली, की 20 मीटरसाठी भांडणं फार अवघड जातं.